अपवादाचा मेमो मंजूर झाला तो असा

आमच्या लेखा विभागात बिल नोंदवणारा आणि पेमेंट मंजूर करणारा ही माणसं वेगळीच असली पाहिजेत, असा नियम आहे. मंजुरी देणारे सहकारी अचानक आजारी पडले आणि महिनाअखेरची पेमेंट अडली. बिल नोंदवणाऱ्यालाच काही काळ मंजुरीचा अधिकार द्यावा, असा अपवाद मागणारा विभागाचा पहिला मेमो ‘कामाची निकड’ एवढ्याच कारणावर गेला आणि परत आला. ते योग्यच होतं. निकड सगळ्यांनाच असते.

मग मी सुरुवात नियमाच्या हेतूपासून केली. दोन्ही अधिकार एका हाती आले, तर खोटं बिल नोंदवून स्वतःच पैसे सोडता येतात. हा धोका दुसऱ्या वाटेने कसा रोखायचा, ते पुढे लिहिलं. अधिकार फक्त आधीच नोंदलेल्या पुरवठादारांपुरता. नवा पुरवठादार जोडणं, बँक खातं बदलणं पूर्ण बंद. रोज संध्याकाळी दुसऱ्या विभागातल्या अधिकाऱ्याने पेमेंटची यादी सिस्टिममधून स्वतः काढून मूळ बिलांशी ताडायची. यादी आम्ही द्यायची नाही, कारण हाती दिलेल्या यादीतून एखादी नोंद सहज गाळता येते.

मुदतीची तारीख सिस्टिममध्येच घातली, म्हणजे अधिकार आपोआप निघतो. ‘सहकारी परत येईपर्यंत’ असं लिहिलं की अपवाद रेंगाळतो. वित्तप्रमुखांनी सही करून जोखीम स्वतःकडे घेतली, आणि मुदत संपल्यावर अंतर्गत लेखापरीक्षकांनी त्या काळातली सगळी पेमेंट तपासली.