रोपाचा टाइमलॅप्स मोबाइलवर घेताय? या चुका टाळा

कॅमेऱ्यातला तयार टाइमलॅप्स मोड लावून मोबाइल आठवडाभर सोडून देऊ नका. तो मोड तास-दोन तासांच्या ढगांसाठी ठीक आहे. रोपासाठी ठरावीक अंतराने एकेक फोटो काढणारं अ‍ॅप वापरा आणि व्हिडिओ शेवटी जोडा.

अंतर ठरवताना बहुतेक जण क्लिपची लांबी बघतात, रोपाची हालचाल बघत नाहीत. वेल धरू लागलेला घेवडा घ्या. सात दिवस, रोज दिव्याखालचे 14 तास, म्हणजे 98 तास. दर 20 मिनिटांनी एक, असे 294 फोटो होतात आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने 12 सेकंदांची क्लिप मिळते. लांबी बरोबर वाटते, पण वेलाचं टोक उड्या मारताना दिसतं. ते टोक वाढताना गोल फिरत असतं आणि दीड-दोन तासांत एक फेरी पुरी करतं. तिचे तुमच्याकडे जेमतेम पाच-सहा फोटो. दर 5 मिनिटांनी काढलेत तर फेरीला वीसेक मिळतात, एकूण 1176, म्हणजे 47 सेकंद. क्लिप लांबली तर वेग वाढवता येतो. न काढलेले फोटो मात्र परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त क्लिप वाया जातात त्या मोबाइल हलल्यामुळे. "जरा मेसेज बघतो" म्हणून तो स्टँडवरून काढला की संपलं. परत कितीही जपून ठेवा, चौकट सरकतेच. जुना, सिम नसलेला मोबाइल पहिल्यापासूनच चार्जरला जोडून ठेवा. वाकवता येणारा लवचिक स्टँड तर घेऊच नका. मोबाइलच्या वजनाने तो हळूहळू खाली झुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण क्लिपमध्ये कुंडी वर चढत जाते. ट्रायपॉडला घट्ट क्लॅम्प लावा आणि एक दिवस नुसता चालवून पहिला व शेवटचा फोटो ताडून बघा. एवढाही धीर नसेल तर आठवडा खर्ची घालू नका. कुंडीच्या कडेने जमिनीवर टेप लावा आणि पाणी खालच्या ताटलीत घाला, म्हणजे कुंडीला हात लागणार नाही.

खिडकीच्या उजेडात दर ढगागणिक क्लिप लुकलुकते. पडदे ओढून रोपाच्या बरोबर वर एक एलईडी दिवा टायमरवर लावा. बाजूला लावलात तर रोप तिकडे झुकत चौकटीबाहेर जाईल. कॅमेरा दिवा चालू असतानाच चालू द्या. रोज सकाळी वेल एकदम पुढे गेलेला दिसेल, तेवढं चालतं. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. फोकससाठी खोडाशेजारी मातीत पेन्सिल खोचा, तिच्यावर लॉक करा, मग ती काढा.

चौकटीचा वरचा दोन-तृतीयांश भाग मोकळा ठेवा. फ्लाइट मोड चालू आणि अ‍ॅपचे आपोआप होणारे अपडेट बंद. एक फोटो 3 एमबीचा धरला तर 1176 फोटोंना साडेतीन जीबी जागा लागेल. आधीच रिकामी करून ठेवा.