स्टॉक कधी बरोबर, कधी चूक : सॉफ्टवेअर कंपनीला तक्रार लिहिताना या चुका टाळा

आमचं कृषी सेवा केंद्र आहे. पुढे दोन बिलिंग काउंटर, मागे गोडाऊन, आणि दोन्ही काउंटर एकाच सर्व्हरला जोडलेले. हंगामाच्या गर्दीत स्टॉकचा आकडा अधूनमधून चुकायला लागला. मी सॉफ्टवेअर कंपनीला पहिला मेल लिहिला तो असा : "तुमचं सॉफ्टवेअर स्टॉक चुकीचा दाखवतं. ताबडतोब बघा." दोन दिवसांनी उत्तर आलं, की आमच्याकडे तपासलं, बरोबर दिसतंय. मला राग आला. पण तो मेल आज वाचला, की कळतं, त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं. कोणता माल, किती दिसला, किती दिसायला हवा होता, यातलं एकही उत्तर मी दिलं नव्हतं.

पुढच्या तीन आठवड्यांत मी ज्या चुका केल्या, त्या इथे क्रमाने लिहितो. तुमच्याकडे औषधांचं दुकान असो की हार्डवेअरचं, यातल्या बहुतेक तुम्हालाही लागू पडतील.

गोडाऊनमधली मोजणी पुरावा म्हणून देणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मी लिहिलं होतं, "गोडाऊनमध्ये ४० पाकिटं आहेत आणि सॉफ्टवेअर ४४ दाखवतं." यावर कंपनी म्हणणार, की चार पाकिटं चोरीला गेली असतील, फुटली असतील, बिल न करता कुणाला दिली असतील. आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. प्रत्यक्ष मोजणी आणि पडद्यावरचा आकडा यांच्यात फरक पडायला दहा कारणं असतात आणि त्यातली नऊ सॉफ्टवेअरच्या बाहेरची असतात.

खरं तर इथे आकडे दोन नसतात, तीन असतात. पहिला गोडाऊनमधला. दुसरा आयटम लेजरचा, म्हणजे सुरुवातीची शिल्लक घेऊन त्यात प्रत्येक खरेदी मिळवत आणि प्रत्येक विक्री वजा करत आलेला. तिसरा स्टॉक समरीत किंवा बिल करताना मालाच्या नावापुढे दिसणारा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा तिसरा आकडा दर वेळी हिशोब करून काढत नाहीत. तो मालाच्या मास्टरमध्ये तयार लिहून ठेवलेला असतो आणि प्रत्येक बिलाला बदलला जातो. त्यामुळे पडदा पटकन उघडतो, पण लेजर आणि हा साठवलेला आकडा यांची फारकत व्हायची शक्यताही तिथेच तयार होते.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी लेजरची बेरीज हाताने करून पाहा. लेजर आणि पडदा जुळत असतील आणि फक्त गोडाऊन वेगळं असेल, तर शोध दुकानात घ्या. लेजर ४० म्हणतं आणि समरी ४४ म्हणते, अशी स्थिती असेल, तर तो सॉफ्टवेअरचा दोष आहे, कारण त्याचे स्वतःचेच दोन आकडे एकमेकांशी भांडताहेत. तक्रारीत हेच दोन आकडे द्यायचे. मोजणीचा उल्लेखही करू नका, चर्चा भरकटते. दोन्ही रिपोर्टांची तारीख मात्र एकच ठेवा. समरी आजची आणि लेजर कालपर्यंतचं, असं झालं तर फरक पडणारच.

पुरावा घेण्याआधी री-कॅल्क्युलेट चालवणे

अशा सॉफ्टवेअरमध्ये बहुधा स्टॉक पुन्हा मोजण्याची एक सोय असते. ती लेजरवरून बेरीज करते आणि साठवलेला आकडा दुरुस्त करते. सपोर्टला फोन केला, की पहिलं वाक्य तेच येतं : "री-कॅल्क्युलेट करून बघा." मी दोन वेळा केलं. आकडा बरोबर झाला, आणि तो चुकला होता याची खूणही पुसली गेली. तिसऱ्या वेळी मी थांबलो. आधी डेटाचा बॅकअप घेतला, त्याला तारीख-वेळेचं नाव दिलं, समरी आणि लेजर दोन्ही पीडीएफमध्ये काढले आणि मगच री-कॅल्क्युलेट चालवलं. बिघडलेल्या स्थितीतला असा बॅकअप आमच्या तक्रारीतला सगळ्यात उपयोगी कागद ठरला.

"कधीकधी होतं" एवढ्यावर थांबणे

कधीकधी होणाऱ्या दोषाला अट असतेच, फक्त ती आपल्याला दिसलेली नसते. ती शोधायला सुरुवात फरकाच्या आकड्यापासून करावी.

आमचा फरक ४ होता. मी १९:१९:१९ खताच्या एक किलोच्या पाकिटाचं लेजर उघडलं आणि त्या दिवशी नेमकी ४ पाकिटं कोणत्या बिलात गेली ते पाहिलं. असं एकच बिल निघालं, काउंटर दोनचं. त्याच्या लगेच पुढची नोंद काउंटर एकची, ६ पाकिटांची. नंतर दुसऱ्या एका मालात ३ चा फरक आला, तिथेही ३ नगांचं बिल सापडलं आणि त्याच्याही शेजारी दुसऱ्या काउंटरची नोंद होती. म्हणजे एक अख्खं बिल शिलकीतून वजा व्हायचं राहून जात होतं.

इथे मला एका गोष्टीने आठवडाभर फसवलं. दोन बिलांच्या वेळांत तीन-चार मिनिटांचं अंतर दिसत होतं, म्हणून ती एकाच वेळी झाली असतील असं वाटत नव्हतं. काउंटर दोनचं घड्याळ मागे होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलावर त्या-त्या संगणकाचीच वेळ छापली जाते. तुम्ही तपासणी सुरू करण्याआधी सगळ्या संगणकांची घड्याळं सर्व्हरशी जुळवून घ्या.

मग चाचणीसाठी वेगळी कंपनी, म्हणजे सॉफ्टवेअरमधलाच एक स्वतंत्र हिशोब, उघडली. खऱ्या डेटावर असे प्रयोग करू नका. आधी एकाच काउंटरवरून २० बिलं केली, एकही चुकलं नाही. नंतर पुतण्याला काउंटर दोनवर बसवलं आणि दोघांनी एकाच मालाची २० जोड्या बिलं केली. ७ जोड्यांत आकडा चुकला. "२० पैकी ७" हे "कधीकधी"पेक्षा चांगलं, पण अट अजून सापडली नव्हती. त्या ७ वेळा आम्ही काय केलं होतं, हे आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की दोघांनीही माल बिलात आधी घेतला होता आणि सेव्ह नंतर केलं होतं. उरलेल्या १३ वेळा एकाचं सेव्ह होऊन गेल्यावर दुसऱ्याने माल निवडला होता. मग तोच क्रम मुद्दाम केला. १० पैकी १० वेळा चूक आली.

गर्दीतच असं का व्हायचं, हेही मग उलगडलं. शेतकरी एक माल सांगतो, बिल उघडं असतं आणि तो मागे जाऊन दुसरं औषध बघतो. तेवढ्यात शेजारच्या काउंटरवर तोच माल विकला जातो.

फरकाचा आकडा कुठल्याच बिलाशी जुळला नाही, तर आमच्यासारखं कारण गृहीत धरू नका. फरक पेटीतल्या नगांच्या पटीत असेल तर पेटी-नग रूपांतर बघा. मागच्या तारखेची खरेदी किंवा रद्द केलेलं बिल आसपास असेल तर चाचणी तिथून सुरू करा.

अपेक्षित निकालात "बरोबर दिसावं" लिहिणे

वाचणाऱ्याला तुमचं दुकान माहीत नसतं. त्याला आकडा हवा असतो आणि तो आकडा कुठे बघायचा तेही हवं असतं. आमची शेवटची तक्रार साधारण अशी होती :

> विषय : दोन काउंटरवर एकच माल उघड्या बिलात असताना आधी सेव्ह झालेली विक्री शिलकीतून वजा होत नाही
>
> कुठे : सर्व्हर आणि दोन काउंटर, तिन्हीवर एकच आवृत्ती (पूर्ण क्रमांक सोबतच्या चित्रात). चाचणीची कंपनी, एकच गोडाऊन, बॅच बंद.
>
> सुरुवात : माल १९:१९:१९, १ किलो. लेजर ५०, समरी ५०.
>
> पायऱ्या :
> १. काउंटर १ : नवीन बिल, माल निवडा, नग ६. सेव्ह करू नका.
> २. काउंटर २ : नवीन बिल, तोच माल, नग ४. सेव्ह करा.
> ३. काउंटर १ : आता सेव्ह करा.
> ४. आजच्या तारखेची स्टॉक समरी आणि आयटम लेजर उघडा.
>
> अपेक्षित : लेजर ४०, समरी ४०.
>
> प्रत्यक्ष : लेजर ४०, समरी ४४. फरक ४, म्हणजे काउंटर २ चं बिल.
>
> किती वेळा : या क्रमाने १० पैकी १०. पायरी २ आधी पूर्ण करून मग पायरी १ सुरू केली तर १० पैकी ०.
>
> तात्पुरता उपाय : री-कॅल्क्युलेटनंतर समरी ४० होते. पुन्हा तीच कृती केली की दोष परत येतो.
>
> सोबत : बिघडलेल्या स्थितीतला बॅकअप, दोन्ही रिपोर्टांची पीडीएफ.

यातली सगळ्यात कामाची ओळ "१० पैकी ०" ही आहे. दोष कधी येत नाही हे सांगितलं, की शोधण्याची जागा निम्म्याने कमी होते. बॅकअप पाठवताना ग्राहकांची नावं आणि फोन नंबर काढून टाका. आम्ही चाचणीच्या कंपनीचाच बॅकअप दिला, त्यात सगळी बिलं रोखीच्या नावाने होती.

अंदाज आणि निरीक्षण एकत्र करणे

"तुमचा डेटाबेस लॉक होत नाही," असं मी मधल्या एका मेलमध्ये विषयातच लिहिलं होतं. त्यांनी लॉकच्या सेटिंगवर चार दिवस घालवले. कारणाचा अंदाज जरूर द्या, पण शेवटी, आणि "अंदाज" असा शब्द लिहून. प्रत्यक्षात घडत होतं ते असं : बिलात माल निवडताना शिल्लक वाचली जायची आणि सेव्ह करताना त्या जुन्या वाचनावरून काढलेला तयार आकडा लिहिला जायचा. दोन्ही काउंटरनी ५० वाचले. एकाने ४६ लिहिले, दुसऱ्याने त्यावर ४४ लिहिले. सोप्या रूपात फरक एवढाच :

```sql
UPDATE item SET bal = 44 WHERE id = 7;
UPDATE item SET bal = bal - 6 WHERE id = 7;
```

पहिल्या ओळीत काउंटर तयार उत्तर लिहितो, मधे कुणी काय विकलं याची त्याला कल्पना नसते. दुसऱ्या ओळीत त्या क्षणी जी शिल्लक असेल तिच्यातून डेटाबेस स्वतः ६ वजा करतो.

दुरुस्ती आली की तक्रार लगेच बंद करणे

नवीन आवृत्ती आली, त्याच चार पायऱ्या केल्या, लेजर ४० आणि समरी ४० आली. मी "बंद करा" लिहिणार होतो, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, परत आलेल्या मालाचं करून बघू या का?" काउंटर एकवर ५ पाकिटांची विक्री-परत उघडी ठेवली, काउंटर दोनवर ४ पाकिटांची विक्री सेव्ह केली, मग काउंटर एकची विक्री-परत सेव्ह केली. समरी लेजरपेक्षा ४ ने जास्त. विक्रीचा भाग त्यांनी सुधारला होता, परतीचा राहिला होता. आम्ही तीच तक्रार त्याच मांडणीत पुन्हा पाठवली, पायरी एक तेवढी बदलली. जुन्या बिलात दुरुस्ती, बिल रद्द आणि खरेदी यांच्या चाचण्याही त्याच दिवशी करून त्यांचे आकडे खाली जोडले. त्या तिन्ही बरोबर होत्या आणि तसंच लिहिलं.