चुकीच्या कबुलीने भाषण सुरू करताना : द्राक्ष चर्चासत्रांत प्रथमच बोलणाऱ्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्ष बागायतदारांची चर्चासत्रे भरू लागतात. कृषी पदवी घेऊन नुकतेच सल्ल्याच्या कामाला लागलेले अनेक तरुण अशा वेळी भाषणाच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात. त्यांच्यासमोरची अडचण खरी असते. ज्यांनी त्यांच्या वयापेक्षा अधिक हंगाम बागेत काढले आहेत, अशा माणसांना त्यांनी मात्रा सांगायची असते, आणि आपण या पोराचे का ऐकावे, हा प्रश्न समोरच्या रांगेत कोणी उघड विचारला नाही तरी तो तिथे असतोच. म्हणून त्यांपैकी बरेच जण ठरवून येतात की सुरुवातीलाच स्वतःची एखादी चूक सांगायची, म्हणजे लोक आपले मानतील. हा मार्ग चांगला आहे, पण तो कोणत्या अटींवर चालतो हे समजून घेतल्याशिवाय वापरला तर भाषण पहिल्या दोन मिनिटांतच हातचे जाते.

या विषयावर बोलताना १९६६ मधल्या एका प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ध्वनिफिती ऐकवल्या. काही फितींत प्रश्नमंजूषेतील ९२ टक्के उत्तरे बरोबर देणारा हुशार उमेदवार होता, तर काहींत ३० टक्केच उत्तरे बरोबर देणारा सामान्य उमेदवार होता. दोघांच्याही एकेका फितीच्या शेवटी कपड्यांवर कॉफी सांडल्याचा प्रसंग घातलेला होता. कॉफी सांडलेला हुशार उमेदवार ऐकणाऱ्यांना अधिक आवडला, आणि कॉफी सांडलेला सामान्य उमेदवार मात्र आधीपेक्षा कमी आवडला. हा उत्तरार्ध बहुतेक जण विसरतात, आणि नवख्या वक्त्याला नेमका तोच लागू पडतो. चुकीने माणूस जवळचा वाटतो, पण त्याची लायकी ऐकणाऱ्याला आधीच पटलेली असेल तरच.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की कबुली हे भाषणाचे पहिले वाक्य असले तरी ती कार्यक्रमातली पहिली गोष्ट असता कामा नये. तिच्याआधी सूत्रसंचालकाने तुमची ओळख करून दिलेली असली पाहिजे, आणि त्या ओळखीत पदव्यांपेक्षा काम आले पाहिजे : किती एकरांच्या बागा तुमच्या सल्ल्याने चालतात, कोणत्या वाणांच्या, कोणत्या गावांत. ही माहिती चार ओळींत लिहून सूत्रसंचालकाच्या हाती आदल्या दिवशी द्यावी, कारण ऐन वेळी तो "आता आपल्याला अमुक साहेब मार्गदर्शन करतील" एवढेच म्हणून खाली बसतो. तसे झाले तर मी तरुणांना सांगते की कबुली पुढे ढकला. आधी दहा मिनिटे विषय मांडा, एक-दोन शंकांना नेमकी उत्तरे द्या, आणि मग चुकीकडे वळा.

त्या प्रयोगाची दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. कॉफी सांडण्याचा आणि प्रश्नमंजूषेचा काही संबंध नव्हता, आणि मोजली गेली ती त्या माणसाबद्दलची आवड, त्याच्या सल्ल्यावरचा विश्वास नव्हे. द्राक्षाचा सल्लागार जेव्हा आपल्याच विषयातली चूक सांगतो, तेव्हा तो स्वतःच्या लायकीवरच बोट ठेवत असतो. म्हणून अशा कबुलीने विश्वास मिळवायचा असेल, तर चूक कशी झाली, ती आता का होणार नाही आणि ऐकणाऱ्याने ती कशी टाळायची, हे त्याच भाषणात मिळाले पाहिजे. नुसती कबुली देऊन पुढे गेलात, तर ऐकणारा घरी एवढेच घेऊन जातो की या माणसाकडून मात्रा चुकते.

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुणाची तयारी मी जवळून पाहिली आहे, आणि त्याच्या परवानगीने ती इथे मांडते. त्याला जीएच्या मात्रांवर बोलायचे होते. घडाची लांबी वाढावी म्हणून पोपटी अवस्थेत जीएची फवारणी करतात, आणि तिथे मात्रा १० पीपीएमच्या आसपास असते. हिशेब सोपा आहे : १ ग्रॅम शुद्ध जीए १०० लिटर पाण्यात म्हणजे १० पीपीएम. त्याच्याकडून घरच्याच प्लॉटवर ही मात्रा चुकली होती, हे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितले. पण त्याने लिहून आणलेल्या भाषणाची सुरुवात अशी होती : "शेतकरी बंधूंनो, चुका सगळ्यांकडूनच होतात, माझ्याकडूनही अनेक चुका झाल्या आहेत, आणि त्या चुकांनीच मला घडवले." या वाक्यात काहीच कबूल केलेले नाही. कोणती चूक, कधी, कशाने आणि किती नुकसान, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती, आणि ऐकणाऱ्याला अशी वाक्ये सत्काराच्या भाषणातली वाटतात.

दुसऱ्या वेळी तो उलट टोकाला गेला. आता त्यात ब्लोअर कसा ऐन वेळी बंद पडला, मजूर कसे थांबायला तयार नव्हते, वडील कसे रागावले, त्याला कशी रात्रभर झोप लागली नाही, हे सगळे आले, आणि जीएचा उल्लेख येईपर्यंत बराच वेळ गेला. अशा कबुलीत वक्ता नकळत दोन गोष्टी करतो : दोष थोडा ब्लोअरवर आणि थोडा मजुरांवर वाटून टाकतो, आणि ऐकणाऱ्यांकडे सहानुभूती मागतो. ज्यांनी गारपिटीत उभी बाग गमावलेली आहे, त्यांच्यासमोर एका एकराच्या दुःखासाठी सहानुभूती मागणे मला योग्य वाटत नाही, आणि ते मी त्याला स्पष्टपणे सांगितले.

अखेर जे ठरले, ते असे :

"राम राम मंडळी. तीन वर्षांपूर्वी पोपटी अवस्थेत आमच्या एका एकराच्या थॉमसनच्या प्लॉटला मी १० ऐवजी २५ पीपीएम जीए दिले. ब्लोअर बंद होता, म्हणून २०० लिटरच्या ड्रममधून एचटीपी पंपाने फवारणी केली, आणि ब्लोअरच्या ५०० लिटरच्या टाकीसाठी आणलेले ५ ग्रॅम जीए तसेच्या तसे त्या ड्रममध्ये टाकले. हिशेब पुन्हा करायला हवा होता, तो मी केला नाही. देठ कडक झाले, घड वेडेवाकडे वळले, आणि त्या एकरातला माल निर्यातीला गेला नाही. आज मी मात्रा सांगणारच आहे, पण त्याआधी टाकी बदलली की ग्रॅम किती बदलतात, ते या फळ्यावर मांडू या."

हे बोलायला एक मिनिटही लागत नाही. ब्लोअर बंद पडल्याचा उल्लेख यातही आहे, पण तो कारण समजावे म्हणून आहे आणि दोष लगेच पुढच्या वाक्यात "मी केला नाही" या शब्दांत स्वतःकडे घेतलेला आहे. "चूक झाली" आणि "मी चुकलो" यांतला फरक अनुभवी शेतकरी तत्काळ ओळखतो, म्हणून महत्त्वाच्या क्रियापदाचा कर्ता "मी" असावा, असा माझा आग्रह असतो. नुकसान विशेषणांनी न सांगता काय घडले ते सांगितलेले आहे. आणि सर्वांत मोलाची बाब ही, की शेवटचे वाक्य सरळ फळ्याकडे नेते. ५०० लिटरला ५ ग्रॅम, २०० लिटरला २ ग्रॅम, आणि २०० लिटरमध्ये ५ ग्रॅम टाकले तर २५ पीपीएम, हे तीन आकडे लिहिताच कबुली आणि विषय एक होतात. फवारणीच्या घाईत ही चूक कोणाकडूनही होऊ शकते, हे समोरच्यांना सांगावे लागत नाही.

यात एक गोष्ट गावपातळीवर फार काम करते. ज्याच्या बागेत काही बिघडले, त्याची बातमी शिवारात आधीच फिरलेली असते, आणि तुम्ही ती लपवून बोलायला उभे राहिलात तर मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. आपल्या विरोधात जाणारी माहिती दुसऱ्याने काढण्याआधी आपणच सांगितली तर आपल्याबद्दलचा विश्वास वाढतो, हे किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लुटुपुटीच्या खटल्यांवरील अभ्यासातून दाखवले. चर्चासत्रात कोणी उठून "नाना, यांच्याच प्लॉटचे घड वाकडे झाले होते ना?" असे शेजाऱ्याला विचारल्यानंतर दिलेली कबुली आणि आधी दिलेली कबुली यांचे वजन सारखे नसते. विचारल्यावर दिलेली कबुली खुलासा ठरते.

मात्र काही चुका कितीही खऱ्या असल्या तरी भाषणाच्या आरंभी सांगू नयेत. नुकसान दुसऱ्याच्या बागेत झाले असेल, तर ती कथा तुमच्या एकट्याची नाही. त्या शेतकऱ्याची संमती घ्यावी, त्याचे नाव आणि गाव ओळखू येईल असे तपशील टाळावेत, आणि त्याची भरपाई कशी केली हे सांगता येत नसेल तर तो प्रसंग निवडूच नये, कारण ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असणार. चालू हंगामातली, अजून न निस्तरलेली चूकही टाळावी. तिच्यातून काय शिकलो हे वक्त्यालाच पुरते कळलेले नसते. आणि उर्वरित अंशाशी संबंधित चूक असेल तर फार विचार करावा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडवली गेली आणि अनेक निर्यातदार-बागायतदार अडचणीत आले. ती आठवण असलेल्या सभेत अशी कबुली वक्त्यापुरती राहत नाही, तिच्यामुळे साऱ्या गावाच्या मालाकडे संशयाने पाहिले जाऊ शकते. तिथे तो विषय चुकीच्या कथेऐवजी काढणीपूर्व कालावधी पाळण्याच्या आणि फवारणीची नोंदवही ठेवण्याच्या अंगाने मांडावा.

कबुली लागू पडली की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. ते प्रश्नोत्तरांत कळते. लोक "जीए किती टाकावे?" असे कोरडे विचारत असतील, तर त्यांनी तुम्हाला अजून माहिती देणारा माणूस एवढेच मानले आहे. कोणी उठून "भाऊ, माझ्याकडे सहाशे लिटरचा ब्लोअर आहे, मागच्या वेळी मी सहा ग्रॅम टाकले, पण अर्धी टाकी उरली तेव्हा वरून पाणी भरले, मग किती झाले?" असे विचारले, तर तो स्वतःची चूक चार लोकांसमोर ठेवत आहे. दिंडोरीच्या त्या तरुणाला असाच प्रश्न आला. त्याने फळ्यावर ३०० लिटरमध्ये उरलेले ३ ग्रॅम आणि वरून भरलेले ३०० लिटर पाणी मांडून दाखवले की दुसऱ्या फेरीत मात्रा ५ पीपीएमवर आली असणार, आणि म्हणूनच प्लॉटच्या एका बाजूचे घड आखूड राहिले असावेत.

तीच कबुली पुन्हा त्याच गावात सांगू नये, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितले. दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला ती पाठ केलेली वाटते आणि पहिल्या वेळचा विश्वासही त्याला शंकास्पद वाटू लागतो. नवीन गावात सांगतानाही दर वेळी शब्द थोडे बदलू द्यावेत, आकडे मात्र कधीही बदलू नयेत. २५ चे ३० झाले आणि एका एकराचे दोन झाले, तर दोन्ही सभांना हजर असलेला एखादा बागायतदार ते नक्की लक्षात ठेवतो. आता तो तरुण ओळखीच्या गावांत थेट फळ्यापासून सुरुवात करतो, आणि प्लॉटचा प्रसंग नव्या श्रोत्यांसाठी राखून ठेवतो.