कुंड्यांसाठी शेणपाणी: पातळ कसं करावं, कधी घालावं, वासाचं काय करावं

शेण गोठ्यावरून ताजं आणा, त्याच दिवशीचं. एक किलो शेणाला दहा लिटर पाणी आणि झाकण सैल बसेल अशी प्लास्टिकची बादली पुरते. वर वीतभर जागा सोडा, कारण पाणी फसफसतं. नागपुरात मार्चमध्ये हे पाणी पाच-सहा दिवसांत तयार होतं, डिसेंबर-जानेवारीत दोन आठवडेही लागतात. फेस बसला आणि ताज्या शेणाचा उग्र वास जाऊन ओल्या मातीसारखा वास आला, की झालं.

वासाची तक्रार बहुतेक वेळा झाकण घट्ट लावल्याने होते. आत हवा राहत नाही आणि मग कुजक्या अंड्यासारखी घाण सुटते. बादलीवर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा आणि सकाळ-संध्याकाळ काठीने तळापर्यंत ढवळा. कापडामुळे डास आत अंडी घालत नाहीत आणि हवाही खेळती राहते. वास आलाच तर अत्तर किंवा फिनाईल ओतू नका, दोन दिवस जास्त वेळा ढवळा.

आता खरा अडचणीचा भाग. "एकास दहा" हे प्रमाण सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते कशाचं हे कुणी नीट सांगत नाही. बादलीत शेण भिजवताना जे एकास दहा झालं, ते फक्त मूळ पाणी. ते तसंच कुंडीत ओतायचं नसतं. आधी जाड कापडातून गाळायचं आणि गाळलेल्या एका मग्ग्यात साधं पाणी दहा मग्गे घालायचं. रोपं लहान असतील तर वीस. पातळ करायचं ते दोनदा, आणि बहुतेकांची झाडं जळतात ती दुसरी पायरी वगळल्यामुळेच. जमिनीत जादा क्षार खोलवर निघून जातात, कुंडीत मात्र ते मुळांपाशीच साचतात आणि मुळांना पाणी ओढता येत नाही.

मग्ग्यांवरही डोळे मिटून विसंबू नका. पावसाळ्यात हिरवा चारा खाणाऱ्या जनावराचं शेण सैल असतं, उन्हाळ्यात कडब्यावरचं घट्ट. म्हणून शेवटी रंग बघायचा. काचेच्या ग्लासात घेतलेलं पाणी फिक्क्या कोऱ्या चहासारखं दिसलं पाहिजे आणि ग्लासामागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला पाहिजे. नाही वाचता आला तर आणखी पाणी घाला. गढूळ पाण्याने कुंडीच्या मातीवर काळपट पापुद्रा धरतो आणि पुढचं साधं पाणीही कडेकडेने वाहून जातं.

आणखी एक, नागपूरकरांसाठी खास: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी यासाठी वापरू नका. दिवसभर पाणी उडून गेल्याने उरलेल्या पाण्यात क्षार वाढलेले असतात, आणि शेणपाण्यातले क्षार वेगळेच.

बारा इंची कुंडीतला मोगरा घ्या. फेब्रुवारीत छाटणी केली की लगेच काही घालू नका. नवी पालवी दोन बोटं लांब झाली, की संध्याकाळी आधी साधं पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, माती ओलसर असताना, पातळ केलेलं पाणी अर्धा लिटर बुंध्यापासून लांब, कुंडीच्या कडेने फिरवून घाला. कोरड्या मातीत कधीच नाही. मग पंधरा दिवसांनी पुन्हा. पारा बेचाळीसच्या वर जायला लागला की थांबा. नवतपात तर बिलकुल नाही, त्या दिवसांत झाडाला फक्त पाणी आणि सावली हवी असते. झडीच्या पावसातही घालू नका, सगळं खालच्या भोकातून वाहून जातं. पुन्हा सुरुवात सप्टेंबरअखेर करा.

चुकलं आहे हे पानं सांगतात. टोकं तपकिरी होतात, माती ओली असूनही शेंडे माना टाकतात, कुंडीच्या काठाला पांढरी पुटं चढतात. तेव्हा खालून भरपूर निथळेपर्यंत साधं पाणी द्या, तासाभराने पुन्हा एकदा, आणि महिनाभर खत बंद.

शेण मिळत नसेल तर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांचा कोवळा हिरवा पाला बादलीत दाबून भरा आणि बुडेल इतकं पाणी घाला. वाळलेली सागाची पानं यात काही कामाची नाहीत, ती कंपोस्टमध्ये टाका. हिरव्या पाल्याचा वास शेणापेक्षा जास्त येतो, म्हणून ही बादली गच्चीच्या टोकाला ठेवा आणि ढवळणं चुकवू नका. पातळ करण्याचा आणि रंगाचा नियम तोच.

पालक, मेथी, कोथिंबीर यांच्या कुंड्यांत शेणपाणी नको, त्यातले जंतू पानांवर उडतात. तिथे पाल्याचं पाणी वापरा, तेही पानांवर न उडवता. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. गाळून उरलेला चोथा कंपोस्टमध्ये टाका, आणि पातळ केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.