आईवडिलांची एफडी ऐनवेळी अडकू नये म्हणून

वडिलांना पक्षाघात झाला आणि उजवा हात लुळा पडला. त्यांच्या चार लाखांच्या एफडीवर माझंही नाव होतं, 'आयदर ऑर सर्व्हायवर' असं छापलेलं होतं, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो व्यवहार करू शकतो, म्हणून मी निर्धास्तपणे बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. "मुदत संपल्यावर एकाची सही चालते. मुदतीआधी मोडायची तर दोघांची लागते." वडील तेव्हा आयसीयूत होते.

म्हणून सुरुवात बचत खात्यापासून करा. आई किंवा वडील पहिले खातेदार, तुम्ही दुसरे, आणि व्यवहार 'आयदर ऑर सर्व्हायवर'. 'फॉर्मर ऑर सर्व्हायवर' घेतलंत तर पहिला खातेदार हयात असेपर्यंत तुम्हाला एक रुपयाही काढता येत नाही. पण आयदरमध्ये तुम्ही सगळे पैसे काढू शकता, हे आईवडिलांना आणि भावंडांना आधीच स्पष्ट सांगा. नंतरची भांडणं इथूनच सुरू होतात.

मग एफडी. चार लाखांची एकच पावती करण्यापेक्षा लाख-लाखाच्या चार करा, दर तीन महिन्यांनी एक संपेल अशा. आपोआप नूतनीकरण बंद ठेवून रक्कम संयुक्त बचत खात्यात जमा व्हावी, असं लिहून द्या. मग मोडण्याचा प्रश्न बऱ्याचदा येतच नाही. शिवाय एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी रक्कम मिळावी, अशी दोघांच्या सहीची लेखी सूचना बँकेला आताच द्या.

जे संयुक्त नाही त्यासाठी कुलमुखत्यारपत्र. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहू नका. कोणती बँक, कोणतं खाते, एफडी मुदतीआधी मोडण्याचा अधिकार आहे का, हे नावानिशी लिहा. आईवडील स्वतः शाखेत येऊ शकतात तेव्हाच ते तिथे दाखवून नोंदवा. मृत्यूबरोबर ते संपतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण स्मृतिभ्रंशाने समज गेली तरी ते संपतं, आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. विसरभोळेपणा वाढू लागला असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका.

शेवटी नॉमिनेशनचा फॉर्म. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नावं देता येतात, हिस्से ठरवून किंवा एकामागून एक. संयुक्त खात्यावर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, आणि नॉमिनीला पैसे सगळे खातेदार वारल्यावरच मिळतात. तेही वारसांच्या वतीने सांभाळायला. मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

वडिलांच्या एफडीचं काय झालं? ते शुद्धीवर आल्यावर शाखेचे एक अधिकारी दवाखान्यात आले. डाव्या हाताचा अंगठा घेतला, साक्षीला एक ते स्वतः आणि एक बँकेच्या ओळखीचे शेजारी. दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले.