मुलगी बारा वर्षांची, चॅनल वडिलांच्या नावावर: यूट्यूबसाठी पालकांनी काय करावं

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराच्या बारा वर्षांच्या मुलीला बागेतली कामं दाखवणारं चॅनल काढायचंय. ती म्हणते, "पप्पा, जन्मसाल २००८ टाका ना, कोण बघतंय?"

इथेच थांबायचं. भारतात स्वतःच्या गूगल खात्यासाठी वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पालकांच्या देखरेखीखालचं खातं मिळतं, पण त्यावर व्हिडिओ टाकता येत नाहीत. खोटी तारीख टाकलेल्या खात्याचं वय कमी असल्याचं कळलं, तर दुरुस्तीसाठी १४ दिवस मिळतात. मग ओळखपत्रासारखा पुरावा लागतो आणि मुलीच्या ओळखपत्रावर तर खरंच वय असतं. खातं बंद झालं की सगळे व्हिडिओही जातात.

सरळ मार्ग आहे. वडिलांनी स्वतःच्या खऱ्या जन्मतारखेने वेगळं गूगल खातं उघडावं आणि त्यावर चॅनल काढावं. पासवर्ड आणि खातं परत मिळवण्यासाठीचा मोबाइल नंबर त्यांच्याकडेच राहू द्यावा. मुलीने बोलावं, शूटिंग आणि एडिटिंग करावं. व्हिडिओ टाकणं आणि कमेंटला उत्तर देणं हे काम वडिलांचं.

शूटिंगआधी काय दाखवायचं ते ठरवा. घड कापताना कोयता तिच्या हातात नको आणि फवारणीचा पंपही नको. लहान मूल धोक्याचं काम करताना दिसलं, तर व्हिडिओ काढून टाकला जाऊ शकतो. कापणी बापाने करावी, तिने बाजूला उभं राहून सांगावं.

व्हिडिओ आधी 'Private' ठेवून घरातल्या दोघांनी पाहावा. शाळेचा गणवेश, गाडीचा नंबर, शेताकडे जाणारा रस्ता, घरी फक्त आजीच असते असं तिच्या तोंडून सहज निघालेलं वाक्य, हे सगळं कापा. मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. गावात सगळे ओळखीचे असतात, पण व्हिडिओ गावापुरता राहत नाही.

मग व्हिडिओ टाकताना यूट्यूब विचारतं, व्हिडिओ मुलांसाठी आहे का? इथे बरेच पालक गोंधळतात. प्रश्न पाहणाऱ्यांचा आहे, दिसणाऱ्या मुलीचा नाही. केळीच्या बागेची माहिती शेतकरी पाहणार असतील, तर 'No, it's not made for kids' निवडा. कमेंट मात्र तपासल्याशिवाय दिसणार नाहीत असं सेटिंग ठेवा. मूल दिसणाऱ्या व्हिडिओंवर यूट्यूब स्वतःहूनही कमेंट बंद करतं.

लाइव्ह एकटीला करू देऊ नका. जुलै २०२५ पासून त्यासाठी किमान वय १६ आहे. त्याखालचं मूल असेल, तर सोबत मोठं माणूस कॅमेऱ्यात दिसावं लागतं.

पुढे जाहिरातींचे पैसे सुरू झालेच, तर ॲडसेन्स खात्याला १८ वर्षं लागतात, म्हणून तेही वडिलांचंच. १३ पूर्ण झाल्यावर मुलीचं स्वतःचं खातं उघडा आणि चॅनलच्या 'Permissions' मधून तिला 'Editor (Limited)' करा. तिला व्हिडिओ टाकता येतील, कमाईचे आकडे मात्र दिसणार नाहीत.