चार ऐंशीच्या ऑफरला ‘नाही’ म्हटलं, पण दार लोटून ठेवलं

अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीतून फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या ऑफिसात व्हेंडरची बिलं तपासत होते. अकाउंट्समधली तीन वर्षं झाली होती, पगार वर्षाला ४ लाख २० हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “चार ऐंशी देतोय. हो म्हणा, म्हणजे लेटर काढते.” मी म्हटलं, “पगाराचा ब्रेकअप मेल करा, उद्या संध्याकाळपर्यंत नक्की कळवते.” फोनवर लगेच हो किंवा नाही म्हणायचं नाही, एवढं शहाणपण तोवर आलं होतं.

संध्याकाळी डोंबिवलीला घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं, साठ हजार जास्त आहेत की!” मग आम्ही वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.

चार ऐंशीतले ४८ हजार व्हेरिएबल होते, म्हणजे वर्षाअखेर, तेही रिव्ह्यूनंतर. मेडिक्लेमचा ९ हजारांचा हप्ताही सीटीसीतच धरला होता. ते दोन्ही वजा केल्यावर फिक्स्ड म्हणून वर्षाला ४ लाख २३ हजार उरले, महिन्याला ३५,२५०. बेसिक १७,५००. त्याच्या १२ टक्के म्हणजे २,१०० रुपये कंपनीचा पीएफ, आणि ४.८१ टक्के दराने ८४२ रुपये ग्रॅच्युइटी. हेही त्यातूनच जाणार. मग माझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात येणार ३०,००८. जुन्या नोकरीत हातात येत होते ३०,४७९.

म्हणजे कागदावर साठ हजारांची वाढ आणि खिशात ४७१ रुपये कमी! पीएफ बुडत नाही, तो आपलाच पैसा, हे मान्य. पण महिन्याचं घर पीएफवर चालत नाही. बाबांनी बिल उलटं केलं आणि म्हणाले, “मग नाही सांगून टाक.”

नुसतं नाही सांगायचं नव्हतं. काम मला आवडलं होतं.

याआधी एकदा हाच प्रसंग मी पुरता बिघडवला होता. दुसऱ्या एका कंपनीची ऑफर कमी वाटली म्हणून चार कारणं लिहिली: प्रवास लांब आहे, घरखर्च वाढलाय, मैत्रिणीला याच कामाचे जास्त मिळतात, आणि माझा अनुभव तीन वर्षांच्या जवळ आलाय. उत्तर दोन ओळींत आलं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करा, प्रवासाचा प्रश्न सुटेल. बाकीच्या तिन्हींवर अवाक्षर नाही. चार कारणं दिली की समोरचा सगळ्यात स्वस्तात सुटणारं उचलतो, आणि मग आपल्याला पुन्हा पैशांवर यायला तोंड उरत नाही.

म्हणून या वेळी एकच कारण शोधलं, तेही माझ्या घरातलं नाही, त्यांच्या कामातलं. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने चकाला, हा प्रवास खरंच जिवावर येणारा आहे, पण राहायला डोंबिवली मी निवडलीय, कंपनीने नाही. कामातलं कारण मात्र भक्कम होतं. जाहिरातीत व्हेंडर पेमेंट आणि बँक रिकन्सिलिएशन एवढंच होतं. दुसऱ्या फेरीत मॅनेजर बोलता बोलता म्हणाले, की ग्रुपमधल्या दोन कंपन्यांची जीएसटी रिटर्न्सही याच जागेवर आहेत. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला जीएसटीआर-३बी, आणि दोन्ही दुप्पट. हे त्यांच्याच तोंडचं असल्यामुळे कोणी खोडून काढणार नव्हतं.

आता आकडा. ‘अपेक्षेप्रमाणे वाढवून मिळावं’ असं लिहिलं की पाच-दहा हजार टाकून प्रकरण मिटवतात. रेंज द्यायची, पण तिचा खालचा आकडा असा हवा की तेवढेच मिळाले तरी आपण खरोखर जाऊ. एचआरला रेंजमधला खालचाच आकडा ऐकू येतो. मला हातात किमान ३४ हजार हवे होते. त्यांच्या ब्रेकअपमध्ये बेसिक फिक्स्डच्या निम्म्याच्या आसपास होतं, त्यामुळे दोन्ही पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून फिक्स्डच्या साधारण साडेचौदा टक्के कापले जात होते. उलटा हिशेब केला तर महिन्याला ४० हजारांच्या जवळ फिक्स्ड लागत होतं, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. वरचा आकडा ५ लाख १० हजार ठेवला. तीस हजारांचं अंतर पुरे. साडेचार ते सहा असली ऐसपैस रेंज दिली तर आपल्यालाच आपली किंमत माहीत नाही असं दिसतं.

मेल इंग्रजीत केला, मजकूर असा होता:

“ऑफरबद्दल आभार. सध्याच्या स्वरूपात ती मला स्वीकारता येणार नाही. दुसऱ्या फेरीत समजल्याप्रमाणे या जागेवर दोन कंपन्यांच्या जीएसटी रिटर्न्सची जबाबदारीही आहे, आणि देऊ केलेलं फिक्स्ड वेतन त्या कामाच्या मानाने कमी आहे. व्हेरिएबल आणि विमा वगळून फिक्स्ड ४.८० ते ५.१० लाखांच्या दरम्यान जमत असेल तर मला रुजू व्हायला आवडेल. शुक्रवारपर्यंत बोलता येईल का?”

‘व्हेरिएबल आणि विमा वगळून’ हे शब्द विसरले असते तर चार ऐंशी आधीच दिलेत, असं उत्तर आलं असतं आणि ते चूकही नसतं.

एक गोष्ट पोर्टलची. ऑफर त्यांच्या पोर्टलवरही आली होती, खाली स्वीकारा आणि नाकारा अशी दोन बटणं. मी एकालाही हात लावला नाही. माझ्या एका मैत्रिणीने बोलणी चालू असतानाच ‘नाकारा’ दाबलं. तिकडे तिची फाइल बंद झाली आणि पुढच्या उमेदवाराला फोन गेला. नकार मेलमध्ये द्यायचा, बटणाने नाही.

गुरुवारी मॅडमचा फोन आला. आधी सध्याचा पगार विचारला. मी खरा सांगितला. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतातच, तिथे फुगवलेला आकडा उघडा पडतो. मग त्या म्हणाल्या, “फिक्स्ड तेवढं नाही जमणार, पण तीस हजार जॉइनिंग बोनस देते.” तो एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा असतो. पुढच्या वर्षीची वाढ फिक्स्डवर धरतात, बोनसवर नाही. मी म्हटलं, “मॅडम, बोनस नको. व्हेरिएबलमधलं थोडं फिक्स्डमध्ये वळवता येईल का?” एवढं बोलून गप्प बसले. ती शांतता फार लांब वाटली, असेल दहा सेकंदांची.

सोमवारी नवीन ब्रेकअप आला. फिक्स्ड ४ लाख ८७ हजार, व्हेरिएबल निम्मं होऊन २४ हजार, विमा ९ हजार. एकूण ५ लाख २०. फिक्स्ड पाच दहापर्यंत ताणायचा मोह झाला, पण फिक्स्डचा आकडा मी दिलेल्या रेंजमध्ये बसत होता. आपणच मागितलेल्या रेंजमधलं मिळाल्यावर पुन्हा घासाघीस बरी नव्हे, पुढे त्याच लोकांसोबत बसायचं असतं. त्याच दिवशी होकार कळवला. ठाण्यातला राजीनामा मात्र सहीचं लेटर हातात आल्यावरच दिला.

हे सगळीकडे चालत नाही. कॅम्पसमधून घेतलेल्या फ्रेशर्सच्या बॅचला बहुधा एकच पगार असतो, तिथे मेल लिहून फार तर रुजू होण्याची तारीख बदलून मिळते. आणि शुक्रवारपर्यंत उत्तरच आलं नसतं, तर एकदा आठवण करून देऊन मी त्या नोकरीचा नाद सोडून दिला असता.

पहिला पगार साडेचौतीस हजारांच्या आसपास जमा झाला, हिशेबाप्रमाणेच. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी दिसले म्हणून बाबा पुन्हा वीजबिल घेऊन बसले. त्या महिन्यात प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, ते आम्ही दोघंही विसरलो होतो.